राउंड आणि १० ची औषधं एकाच वेळी, ड्युटी कशी बसवू?

मेडिसिन वॉर्डमध्ये सकाळपाळीला, ८ ते २, आम्ही दोघीच सिस्टर आणि ३० पेशंट. ओव्हर घेऊन, नाश्त्याआधीचं इन्सुलिन देईपर्यंत ९ वाजतात. साडेनऊला राउंड सुरू होतो, तो ११ पर्यंत चालतो आणि अँटिबायोटिकची वेळ नेमकी १० ची.

एकीने राउंडला, दुसरीने ट्रॉलीवर असं करून पाहिलं. पण परवा राउंडमध्ये सरांनी बंद केलेलं इंजेक्शन तोवर देऊन झालं होतं. पेशंटला त्रास झाला नाही, तरी मला झोप लागली नाही.

चार्टवर सही तिथल्या तिथे करते, नर्सिंग नोट्स मात्र दीडनंतरच. डिस्चार्ज असला की त्याही राहतात.

राउंड झालेल्या बेडपासून ट्रॉली नेता का? उशिराच्या डोसचं काय करता? ताई-दादांनो, तुमची वेळ सांगा.