मदत हवी आहे: उद्या बारावीचा निकाल, आणि नातेवाईक माझ्याआधी पाहतील

सायली_पीसीएम: उद्या दुपारी एक वाजता निकाल आहे. फिजिक्स आणि मॅथ्स वाईट गेले. दोन रात्री झोप नाही, जेवण जात नाही. आत्याने हॉलतिकिटाचा फोटो मागून घेतलाय, काका फॅमिली ग्रुपवर रोज विचारतात. आईबाबांना काय सांगू?

नंदू७१: साइट एकला हमखास अडकते. डिजिलॉकरवर पाहा, तिथेही येतो.

समुपदेशक_कोल्हापूर: नंदू, तिचा प्रश्न साइटचा नाही. सायली, निकाल उघडायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, म्हणजे आत्या तुझ्याआधी पाहू शकतात. म्हणून आईबाबांशी आजच रात्री बोल. "पेपर वाईट गेला" एवढ्यावर थांबू नकोस, कारण मग ते नापासच धरून बसतील. कमीत कमी किती मिळतील ते कागदावर लिहून दाखव. समजा फिजिक्समध्ये ७० पैकी २० आणि प्रॅक्टिकलचे २८, म्हणजे ४८. केमिस्ट्री तसंच ५२. मॅथ्सला ८० पैकी २२ आणि अंतर्गत १८, म्हणजे ४०. बेरीज ३०० पैकी १४०. सीईटीतून इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गासाठी या तीन विषयांत ४५ टक्के, म्हणजे १३५ लागतात, राखीवला ४०. पुढचा क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. एवढं आधी कळलेलं असलं की उद्याचा आकडा घरात धक्का म्हणून येत नाही.

नातेवाइकांना कळवायचं काम आईकडे दे: "निकाल आम्हीच संध्याकाळी सांगू." एक वाजता आईबाबांसोबत बस, ग्रुप म्यूट कर. सकाळी उपाशीपोटी चहावर चहा घेऊ नकोस, त्याने धडधड वाढते आणि ती भीतीच वाटते. पोहे, वरणभात, काहीही चालेल.

मिलिंद_सर: घाबरू नकोस, गुणपडताळणी टाकली की मार्क वाढतात.

समुपदेशक_कोल्हापूर: सर, अर्धं बरोबर आहे. पडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. पेपर पुन्हा तपासून हवा असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. मार्क कमीही होऊ शकतात.

रेवा_आई: माझा मुलगा दहावीला आहे, तोही आत्तापासूनच गप्प झालाय. मी विचारू की नको?

समुपदेशक_कोल्हापूर: विचारा, पण टक्के नको. "कोणता पेपर डोक्यात राहिलाय?" असं. आणि सायली, जगणंच नको असा विचार क्षणभर जरी आला तरी लगेच आईला उठव, किंवा १४४१६ वर फोन कर. टेलि-मानस आहे, फुकट, रात्रीही, मराठीत बोलतात.

सायली_पीसीएम: तसं नाही, फक्त भीती. आईला कागद दाखवला. तिने बेरीज दोनदा केली. बाबा दहाला येतील, त्यांना तीच सांगणार म्हणाली. पण आत्याकडे फोटो आहेच, तिला "पाहू नका" कसं म्हणू?

मिलिंद_सर: आईनेच म्हणावं. मोठ्यांना तू अडवलंस तर उलट वाद होईल.

रेवा_आई: आमच्याकडे तर नणंद ऐकलीच नसती.