मदत हवी आहे: उत्पन्न वाढलं की विकास आपोआप होत नाही का?

विडीघरकुल_बीए: मी सोलापूरची, अर्थशास्त्र घेऊन बीए करतेय. वाढ आणि विकास यांतला फरक पाठ आहे, पण पटत नाही. हातात पैसा आला की माणूस दवाखान्यात जाईल, मुलांना शिकवेल. मग दरडोई उत्पन्न पुरेसं का नाही?

लूमवाले_काका: बाळा, आमच्या कारखान्यात टॉवेलचे लूम वाढले, चार पोरांना काम लागलं. विकास म्हणजे हेच. सूत स्वस्त झालं तर अजून लावू.

विडीघरकुल_बीए: काका, काम मिळालं हे चांगलंच. पण त्या पोरांची तब्येत, शिक्षण या आकड्यात कुठे दिसतं, ते विचारतेय.

जुना_मास्तर: हरियाणा आणि केरळ शेजारी ठेवून बघ. दरडोई उत्पन्नात हरियाणा पुढे. पण २०२०च्या नमुना नोंदणीत हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं हरियाणात २८, केरळात ६. गुरुग्रामच्या कंपन्यांची कमाई हरियाणाच्या सरासरीत येते, पण तिथल्या खेड्यातल्या बाळंतिणीच्या हाती ती पडतेच असं नाही. शिवाय लस, स्वच्छ पाणी, गावातली नर्स या गोष्टी एकट्या घराला विकत घेता येत नाहीत. त्या सरकारला उभ्या कराव्या लागतात. केरळात ते काम आणि मुलींचं शिक्षण फार आधी सुरू झालं.

आणखी एक. विड्या वळताना तंबाखूच्या धुळीने कुणाला दमा जडला, तर डॉक्टरची फी आणि औषधाचं बिल उत्पन्नात जमाच होतं. गेलेली तब्येत कुठेच वजा होत नाही.

विडीघरकुल_बीए: आई विड्याच वळते सर. हे वाचून थांबलेच जरा.

एमपीएससी_२६: म्हणून तर १९९०पासून मानव विकास निर्देशांक आहे. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. तिघांची बेरीज करून भागिले तीन.

जुना_मास्तर: तीन घटक बरोबर, भागिले तीन २०१०पर्यंतच. समजा उत्पन्नाचे गुण ०.९, शिक्षणाचे ०.६, आरोग्याचे ०.३. साध्या सरासरीने ०.६ येतात, म्हणजे श्रीमंतीने आजारपण झाकलं. आता तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढतात, ते येतं ०.५४५. तिन्हीकडे ०.६ असलेला देश त्याच्या पुढे राहतो.

एमपीएससी_२६: माझ्या नोट्स जुन्या निघाल्या. पण मास्तर, तीन घटकांना सारखंच वजन का? ते कुणी ठरवलं?

जुना_मास्तर: हा निर्देशांक मांडणारे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांना राज्यकर्ते वाचतील असा एकच सोपा आकडा हवा होता. अमर्त्य सेन यांना सुरुवातीला तो फार ढोबळ वाटला होता. सारख्या वजनावर आजही वाद आहे आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही.

विडीघरकुल_बीए: म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा निर्देशांक काढला, तरी कामगारांचा पूर्व भाग आणि सुखवस्तू होटगी रोड एकाच सरासरीत जाणार?

जुना_मास्तर: जाणार. विषमतेसाठी गुण कापणारा वेगळा निर्देशांक आहे, पण त्याला घराघरांची माहिती लागते. तू दोन वॉर्डांतल्या अंगणवाड्यांतली मुलांच्या वजनाची नोंद मागून बघ. प्रकल्पाला ती जास्त कामाची.

लूमवाले_काका: आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत ये, बाईंना सांगून ठेवतो.