माल कोल्हापुरातच उतरला, तरी पार्टी आयजीएसटीचं बिल मागते! (मदत हवी आहे)

कापडवाला_इचलकरंजी: कापडाचा होलसेल धंदा आहे. १,२०,००० चा माल कोल्हापूरच्या दुकानात पोचवला. ५ टक्क्यांनी ३,००० सीजीएसटी, ३,००० एसजीएसटी लावला. आता पार्टी म्हणते हे बिल चालत नाही, आयजीएसटी लावा, आणि ६,००० अडवून बसली आहे. माल राज्याबाहेर गेलाच नाही. त्यांना काय उत्तर देऊ? लवकर सांगा.

शिवाजीपेठ: तुमचंच बरोबर आहे. माल जिथे उतरतो ते राज्य धरायचं. अजिबात बदलू नका.

खतावणी: थांबा. बिल कुणाच्या जीएसटी नंबरवर आहे? २७ ने सुरू होतो का?

कापडवाला_इचलकरंजी: पार्टी बेळगावची आहे, नंबर २९ चा. त्यांनी फोनवर सांगितलं की माल थेट आमच्या गिऱ्हाइकाकडे कोल्हापूरला टाका. पण त्याने काय फरक पडतो?

खतावणी: सगळा फरक तिथेच आहे. ऑर्डर बेळगावची, पैसे बेळगाव देणार, कोल्हापूर फक्त उतरवायचा पत्ता. अशा वेळी माल बेळगावच्या पार्टीलाच मिळाला असं कायदा धरतो आणि पुरवठ्याचं ठिकाण त्यांच्या मुख्य धंद्याचं राज्य, म्हणजे कर्नाटक. आयजीएसटी कायद्याचं कलम १०(१)(ख) वाचा. टेम्पो कुठे गेला ते इथे बघत नाहीत. पुढे बेळगाव कोल्हापूरच्या दुकानाला स्वतंत्र बिल करेल, तेही आयजीएसटीचंच. तुमच्या बिलावर ठिकाण महाराष्ट्र असल्यामुळे त्यांच्या २बी मध्ये हे क्रेडिट ‘उपलब्ध नाही’ खाली दिसतं. म्हणून पैसे अडवलेत.

शिवाजीपेठ: मग माल उतरतो तिथलं राज्य हा नियम खोटा का?

खतावणी: खोटा नाही. तो सरळ विक्रीचा नियम. मध्ये तिसरा माणूस आला की हा लागतो.

पणजी_किराणा: मी कंपोझिशनमध्ये आहे, सावंतवाडीला माल पाठवू का?

खतावणी: नाही. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. पण हा वेगळा विषय.

कापडवाला_इचलकरंजी: आर-१ आणि ३बी दोन्ही भरून झालेत हो!

हिशोबतपासणी: क्रेडिट नोट काढा, नवं बिल आयजीएसटीने करा. सीजीएसटी-एसजीएसटी पुढच्या ३बी मध्ये कमी होईल. काम संपलं.

खतावणी: मला ते पटत नाही. मालही परत आला नाही, दरही चुकला नाही, मग क्रेडिट नोट कशाची? आर-१ च्या ९ए मध्ये बिल दुरुस्त करा, ६,००० आयजीएसटी भरा आणि आधीच्या ६,००० चा रिफंड कलम ७७ खाली मागा. आयजीएसटी भरल्यापासून दोन वर्षं मुदत आहे आणि त्यावर व्याज लागत नाही.

हिशोबतपासणी: रिफंडला महिने जातात. छोट्या माणसाचं भांडवल तेवढे दिवस अडकवायचं?

कापडवाला_इचलकरंजी: दोघांचंही सीएला दाखवतो. पार्टीचा दुसरा नंबर महाराष्ट्राचा असेल तर?

खतावणी: आधी तेच विचारा. ऑर्डर आणि बिल खरोखर २७ च्या नंबरवर असेल, तर तुमचं सीजीएसटी-एसजीएसटी बरोबर ठरेल. पण नुसतं बिल फिरवण्यासाठी तो नंबर वापरू नका.