मदत हवी आहे: बगॅस यार्डवरचा कॅमेरा वाफेला आणि धुळीलाच धूर समजतो

यार्डवाला_लातूर: साखर कारखान्याच्या बगॅस यार्डवर दोन साधे कॅमेरे आहेत. चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या YOLO मॉडेलला धूर दिसला की कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजतो. मॉडेल नेटवरच्या वणव्यांच्या फोटोंवर शिकवलेलं. बॉयलरच्या ब्लोडाउनची वाफ सुटली की भोंगा, लोडरनं बगॅस उचलला की भोंगा. ऑपरेटर आता भोंगाच बंद करून ठेवतात. कॉन्फिडन्सची मर्यादा 0.3 ची 0.6 केली, तर पत्र्यावर ओला बगॅस धुमसवून केलेल्या चाचणीचा धूरच ओळखायचा राहिला.

खटपट्या: वाफेच्या पाइपाचा भाग मास्क करा, विषय संपला.

फ्रेम_मोजणारा: वारा फिरला की वाफ ढिगावर येते. तेवढा मास्क केला तर मागचा ढीगही दिसायचा बंद. एका फोटोवरून वाफ का धूर हे माणसालाही सांगता येत नाही, म्हणून वेळ बघा. लोडरची धूळ लोडरबरोबर सरकते आणि खाली बसते. धुमसत्या ढिगाचा धूर वर कसाही वळो, त्याचं बूड जागा सोडत नाही. कॉन्फिडन्स परत 0.3 करा, दर दोन सेकंदांना एक फ्रेम घ्या. दोन मिनिटांच्या 60 पैकी 40 फ्रेममध्ये मॉडेल धुराभोवती आखतं त्या चौकटीची खालची कड त्याच जागी असेल तरच भोंगा. 40 हा आकडा अंदाजाचा, तुमच्या रेकॉर्डिंगवर तपासा. ज्वाला दिसली तर मात्र थांबू नका, सुक्या बगॅसला दोन मिनिटं फार होतात.

खटपट्या: मग स्थिर पार्श्वभूमी वगळणारं MOG2 लावून हलणारं तेवढंच YOLO ला द्या ना.

फ्रेम_मोजणारा: कल्पना बरी, पण त्याची history मुळात 500 फ्रेमची असते. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत ती फक्त 20 सेकंदांची आठवण. संथ धूर तेवढ्यात पार्श्वभूमीत मुरतो. दोन सेकंदांना एक फ्रेम दिली तर तीच आठवण सोळा मिनिटांवर जाते.

गोठा_कॅम: आमच्या गोठ्यावरचा कॅमेरा रात्री किडा आला तरी मोबाईल वाजवतो. हेच लावू का?

फ्रेम_मोजणारा: भाऊ, तुमचा मोशन अलार्म आहे, हे नाही चालणार. कॅमेऱ्याचा IR दिवा बंद करून दुसरा लांब लावा. काचेजवळचे किडे चमकायचे थांबतात. यार्डवाल्यांना रात्रीच्या धुळीसाठीही तेच करावं लागेल.

यार्डवाला_लातूर: जुन्या रेकॉर्डिंगवर चालवून पाहिलं. लोडरचे भोंगे जवळपास गेले. पण एक झडप सतत गळते, तिच्या वाफेचं बूडही जागचं हलत नाही.

फ्रेम_मोजणारा: तिथं चित्र झाकू नका, बूड झाका. चौकटीची खालची कड झडपेपाशी असेल तर सोडून द्या, ढिगावर असेल तर मोजा. शिवाय तुमच्याच वाफेचे आणि धुळीचे फ्रेम, त्यांवर चौकट न आखता, ट्रेनिंगमध्ये घाला. वणव्याच्या फोटोंत ब्लोडाउन कुठून येणार?

यार्डवाला_लातूर: आणि डिसेंबरातलं पहाटेचं धुकं, सर?

फ्रेम_मोजणारा: त्याला माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही. अख्खं चित्र एकदम फिकट झालं तर भोंग्याऐवजी "कॅमेरा आंधळा" असा संदेश द्या.

खटपट्या: म्हणजे तेवढा वेळ वॉचमनच. त्याला टॉर्च तरी चांगली द्या राव.