अनुभव धागा: व्हील पीसीवर चालतं, कन्सोलवर का अडतं?

गिअरबदल: पीसीवर सुरळीत चालणारं रेसिंग व्हील कन्सोलला लावलं की मुकं होतं, असं बरेच जण सांगतात. जोडणी, कोणतं व्हील कशावर चालतं, बेसचं फर्मवेअर, यांपैकी कशाचाही अनुभव लिहा. मॉडेल आणि कन्सोल सांगा, नुसतं ‘चालत नाही’ नको.

टायरवाला: माझा बेस प्लेस्टेशन ५ आणि पीसी, दोन्हींसाठीचा. पीसीवर बेस एका यूएसबीत आणि पेडल दुसऱ्या यूएसबीत, काहीच तक्रार नव्हती. तेच सगळं कन्सोलला लावलं, तर मेनू चालतो, गाडी वळते, पण पुढे सरकतच नाही. ना ॲक्सिलरेटर, ना ब्रेक. पेडल मेलं की काय म्हणून पुन्हा पीसीला लावलं, तर ठणठणीत! शेवटी पेडलची यूएसबी काढून, टेलिफोनच्या वायरसारखी दिसणारी बारीक केबल पेडलमधून बेसच्या मागच्या खाचेत घातली आणि गाडी पळाली.

जुना_चाकधर: बरोबर. विंडोज प्रत्येक यूएसबी वस्तूला वेगळा कंट्रोलर मानतो आणि पीसीवरचे बहुतेक रेसिंग गेम दोन-तीन उपकरणं एकत्र वाचतात. कन्सोल मात्र परवाना असलेल्या बेसशीच बोलतो. पेडल, शिफ्टर, हँडब्रेक हे सगळं बेसच्या पोटातून जावं लागतं. म्हणून पेडल घेताना ‘कोणत्या बेसला थेट जोडता येतात’ हे बघा. नुसत्या यूएसबीचे पेडल कितीही भारी असले तरी कन्सोलवाल्याला निरुपयोगी.

सुमेधा_क: मुलाकडे एक्सबॉक्स होता तेव्हा लॉजिटेकचं जी९२० घेतलं होतं. आता घरी प्लेस्टेशन ५ आलाय. त्यावर काहीच होत नाही. फर्मवेअर जुनं असेल का?

फुकटसल्ला: ताई, फर्मवेअर नवीन टाका, चालेल. आत मशीन तेच असतं. माझं जी२९ पीएस४ च्या काळातलं, आज पीएस५ वर मजेत चालतंय.

जुना_चाकधर: आतलं यंत्र बरंचसं सारखं आहे, हे खरं. पण जी२९ प्लेस्टेशनचं आणि जी९२० एक्सबॉक्सचं. पीसीवर दोन्ही चालतात. कन्सोल व्हीलकडून ओळख मागतो आणि ती देणारी चिप दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलची असेल तर फर्मवेअरने ती उगवत नाही. जी९२३ घेणाऱ्यांनी जास्त सांभाळा: नाव एकच, पण प्लेस्टेशनची आवृत्ती वेगळी आणि एक्सबॉक्सची वेगळी. खोक्यावरचा शिक्का बघूनच घ्या. फॅनाटेकची तर आणखी गंमत, एक्सबॉक्सची ओळख हातातल्या रिममध्ये असते आणि प्लेस्टेशनची बेसमध्ये.

सुमेधा_क: म्हणजे पीसीलाच लावावं लागणार. बाजारात अडॅप्टर मिळतात ना?

टायरवाला: मिळतात. बऱ्याच अडॅप्टरना सोबत त्या कन्सोलचा खरा कंट्रोलरही जोडून ठेवावा लागतो, ओळख तोच देतो. कन्सोलची प्रणाली अपडेट झाल्यावर एका मित्राचा अडॅप्टर रुसला होता, म्हणून मी तरी घेणार नाही.

रातकिडा: माझा अनुभव अपडेटचा. आमच्या बेसचं फर्मवेअर कन्सोलवरून टाकता येत नाही, त्यासाठी विंडोजचाच पीसी लागतो. मी बेस यूएसबी हबमध्ये लावला होता, अर्ध्यात पट्टी थांबली. नंतर विंडोजमधली गेम कंट्रोलरची यादी, म्हणजे `joy.cpl`, उघडली तर तीत व्हीलच नाही. बेस मेला असं वाटलं. मॅन्युअलमध्ये बघून, ठरावीक बटण दाबून धरत बेस चालू केला, तेव्हा तो अपडेटच्या अवस्थेत आला आणि अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमला पुन्हा दिसला. मग थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून पूर्ण केलं.

जुना_चाकधर: अर्धवट अपडेटची खूण हीच: `joy.cpl` मध्ये काही नाही, पण अपडेटरला बेस दिसतो. असं असेल तर बहुधा वाचतो. अपडेट करताना गेम आणि व्हील वापरणारे बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा. संपल्यावर बेस बंद करून चालू केला की तो मध्य शोधायला स्वतः गरगर फिरतो, तेव्हा हात लावायचा नाही. मग पेडल पूर्ण दाबून सोडा आणि `joy.cpl` मध्ये पट्ट्या टोकापर्यंत जातात का ते बघा. एवढं झाल्यावरच कन्सोलकडे न्या. आणि तिथे मोड बदला! अनेक बेस पीसीच्या मोडमध्येच राहतात आणि लोक फर्मवेअरला दोष देतात.

कोपऱ्यातला: माझ्या हँडब्रेकला फक्त यूएसबी आहे. वरचं वाचून कळलं, कन्सोलवर आशा सोडायची. नाहीतरी मी ट्रकच चालवतो.

फुकटसल्ला: चालतंय त्याला हात लावू नये, हे माझं मत. अपडेटनंतर माझ्या व्हीलचा जोर मऊ झालाय, कोणी मानत नाही.

रातकिडा: अपडेटने सेटिंग मूळ आकड्यांवर नेली असतील, जोराचा आकडा बघ ना आधी.

फुकटसल्ला: बघितला. तोच आहे.