शिजवल्यावर जंतू मरतात, पण...

>> रात्री फ्रीझरमधले बांगडे ओट्यावर काढून ठेवते. सकाळी चांगले शिजवले की जंतू मरतातच ना?

जंतू मरतात, पण बांगड्यात त्यांनी तयार केलेलं हिस्टामिन नावाचं विषारी रसायन मरत नाही. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि उबेत वाढणारे जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते तळून, उकळून किंवा पुन्हा फ्रीझ करूनही जात नाही. वासावरूनही भरवसा नाही, कारण मासा ताजा वाटू शकतो. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, ओठ चुरचुरणं, डोकं दुखणं असं झालं की बरेच जण ती माशांची ॲलर्जी समजतात.

५ ते ६० अंशांमध्ये जंतू वाढतात. ओट्यावर मधला गाभा बर्फ असतानाच कडेचं मांस खोलीइतकं, म्हणजे आपल्याकडे तिशीच्या आसपास पोचतं. गाभा सुटेपर्यंत कड तासन्‌तास त्याच उबेत राहते. म्हणून रात्री डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, सुटलेलं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटल्यावर लगेच शिजवा. कोमट पाणी मात्र अजिबात नको.