तांत्रिक नसलेल्या साहेबांसाठी महिन्याचा डॅशबोर्ड: कोणते आकडे ठेवावेत?

कोरापाट: आमच्या सपोर्ट टीमच्या डॅशबोर्डवर ढीगभर आलेख आहेत, पण साहेब बघतात एकच: तक्रार मिटवायला लागलेला सरासरी वेळ. गेल्या महिन्यात आम्ही मुद्दाम जुन्या, रखडलेल्या तक्रारी निकाली काढल्या आणि नेमका तोच आकडा दोन दिवसांवरून आठच्या घरात गेला. साहेबांनी विचारलं, "काम ढिलं पडलंय का?" आता एका पानावर मोजकेच आकडे ठेवायचे आहेत. कोणते?

निळीशाई: सरासरीऐवजी मध्यक घ्या. समजा 100 तक्रारी मिटल्या, 90 दोन दिवसांत आणि 10 साठ दिवसांनी. सरासरी 7.8 दिवस येते, मध्यक 2 दिवस. प्रश्न मिटला.

ओंजळभर: आम्ही एक्सेल सोडून पॉवर बीआयवर गेलो. आलेख खूप देखणे येतात, तुम्हीही बघा.

पाणचक्की: कोरापाट यांची अडचण आलेखांच्या दिसण्याची नाही. निळीशाई, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्या दहा तक्रारींना हातही लावला नसता तरी मध्यक दोनच आला असता. सरासरी काय, मध्यक काय, दोन्ही फक्त मिटलेल्या तक्रारी मोजतात. पडून असलेल्या कुठेच दिसत नाहीत.

मी दोनच आकडे ठेवेन. या महिन्यात आलेल्यांपैकी किती तीन दिवसांत मिटल्या, आणि महिनाअखेरीस तीस दिवसांहून जुन्या किती उरल्या. वरच्याच उदाहरणात महिन्यात 95 आल्या असतील, तर साहेबांना वाचायला मिळेल: "95 पैकी 90 तीन दिवसांत मिटल्या. जुन्या 13 होत्या, आता 3 आहेत." टक्केवारी नको, थेट संख्या लिहा. आणि पान 1 तारखेला काढू नका. शेवटच्या दिवशी आलेल्यांचे तीन दिवस भरायचे असतात, नाहीतर आकडा उगाच कमी दिसतो.

निळीशाई: बंद न झालेल्या माझ्या ध्यानातच आल्या नाहीत, हे खरं. मग आकड्याशेजारी हिरवा-लाल बाण द्यावा का?

पाणचक्की: बाण नको. 90 चे 88 झाले की लाल बाण येतो आणि बैठकीचा अर्धा तास त्याचं कारण शोधण्यात जातो, जे बहुतेक वेळा नसतंच. मागच्या बारा महिन्यांची साधी रेघ द्या. एवढा चढउतार नेहमीचाच आहे, हे रेघ बघून कुणालाही कळतं.

कोरापाट: हे पटलं. पण तीन दिवस गाठायचे म्हणून लोक घाईने तक्रार बंद करतील, आणि ग्राहक पुन्हा येईल.

पाणचक्की: पुन्हा उघडलेली तक्रार मिटलेली धरायचीच नाही. ती पहिल्यांदा आली त्या दिवसापासूनच तिचे दिवस मोजा.

कोरापाट: आणि आपण ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत असू तेव्हा?

निळीशाई: ते दिवस वगळा, त्यात टीमचा काय दोष?

पाणचक्की: मी वगळत नाही. एकदा सवलत दिली की अवघड तक्रारी "ग्राहकाकडून उत्तर नाही" या खान्यात जाऊन बसतात.

निळीशाई: मग आठ दिवस फोन न उचलणाऱ्या ग्राहकाचा हिशोब टीमच्या माथी का?